लेंझचा नियम सुईवर दाखवणारा संच: कामाच्या नोंदी

८ जून, रविवार

दहावीच्या वर्गासाठी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा संच बनवायला घेतला आहे. कॉइलमध्ये चुंबक सरकवला की गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलते, हे प्रत्येक शाळेत दाखवतात. सुई डावीकडे गेली की उजवीकडे आणि ती त्याच बाजूला का गेली, इथपर्यंत मात्र सहसा कोणी पोचत नाही. या संचावर मुलांनी सुई कुठे जाणार हे आधी वहीत लिहायचं आणि मगच चुंबक हलवायचा, असं ठरवलंय. ज्यांना असाच संच करायचा असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतोय.

आज सकाळी जुन्या बाजारातून मध्यशून्याचा एक गॅल्व्हॅनोमीटर ₹३०० ला मिळाला. दोन्ही बाजूंना तीस-तीस घरं, सुई मोकळी, काच शाबूत. टर्मिनलांपैकी एक लाल, एक काळं. घेण्यापूर्वी मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टर्मिनलांना क्षणभर लावून पाहिला. सुई हलली, म्हणजे आतली कॉइल तुटलेली नाही. एवढी तपासणी दुकानातच करून घ्यावी.

१० जून

बाकी सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणि एका मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलं. ३० गेजची एनॅमल तार वजनावर मिळते, ५० ग्रॅम पुरते. चुंबक निओडिमियमचे, १२ मिमी व्यासाच्या आणि ५ मिमी जाडीच्या चार चकत्या. एकमेकींना चिकटल्या की २० मिमी लांबीची कांडी तयार होते. कॉइलसाठी वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप. त्यातून ही कांडी सहज, न अडकता खाली घसरते.

पाइपवर २० मिमी अंतर सोडून अ‍ॅक्रिलिकच्या दोन चकत्या चिकटवल्या, की बॉबिन तयार. या तारेचे एका थरात साधारण ५५ वेढे बसतात, तेव्हा अकरा थर म्हणजे ६०० च्या आसपास. बॉबिन ड्रिलमध्ये धरून हळूहळू फिरवायचा. वेढे मोजत बसण्यापेक्षा थर मोजणं सोपं जातं. सरासरी वेढा साडेसात सेंटीमीटरचा धरला तर तार ४५ मीटर लागते आणि तिचा रोध १० ओहमच्या जवळपास यायला हवा. कॉइल झाल्यावर मल्टीमीटरने हा आकडा ताडून पाहता येतो.

पाचवा थर संपता संपता तार तुटली. टोकं खरवडून सोल्डर केली. सांधा वेढ्यांमध्ये दबला तर पुढचे थर उंचसखल बसतात, म्हणून तो चकतीला भोक पाडून बाहेर काढून ठेवला. त्यासाठी बॉबिन ड्रिलमधून काढावा लागला. परत बसवून उरलेले सहा थर गुंडाळले, वरून पिवळी टेप लावली. रोध भरला १०.२ ओहम. टोकांना अ आणि ब अशा चिठ्ठ्या लावल्या.

या तारेचं एनॅमल नुसत्या सोल्डरने जळत नाही. टोकं पॉलिश पेपरने तांबं चकाकेपर्यंत घासावी लागतात. मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल तर आधी टोकं पाहावीत, कॉइल उलगडायला घेऊ नये.

११ जून

चुंबक आत नेला आणि सुई जेमतेम हलली. ६०० वेढे आणि इतका जोरकस चुंबक असताना ती धाडकन टोकाला जायला हवी होती. रोध बरोबर, म्हणजे तार सलग आहे. गॅल्व्हॅनोमीटर घेतानाच तपासलेला. मग गडबड कुठे?

बाहेर काढलेला सांधा इथे कामी आला. तो तोडून आतले पाच थर आणि बाहेरचे सहा थर वेगवेगळे तपासले. गॅल्व्हॅनोमीटरची लाल वायर दोन्ही वेळा त्या भागाच्या सुरुवातीच्या टोकाला, काळी शेवटच्या टोकाला आणि चुंबकाचं तेच टोक वरून खाली. आतल्या भागाने सुई सणसणीत एका बाजूला गेली. बाहेरच्या भागानेही तितकीच सणसणीत गेली, पण विरुद्ध बाजूला.

बॉबिन परत बसवताना तोंड फिरलं होतं. पाच थर एका दिशेने, सहा थर उलट्या दिशेने. दोन्ही भागांतून जाणारा फ्लक्स तोच आणि बदलही तोच. लेंझचा नियम सांगतो की कॉइलमध्ये तयार होणारा करंट फ्लक्समधल्या बदलाला विरोध करतो. तो विरोध करायचा तर दोन्ही भागांतला करंट पाइपभोवती एकाच दिशेने फिरायला हवा. पण गुंडाळणीच उलटी असल्याने त्या एकाच दिशेचा अर्थ एका भागात ‘सुरुवातीकडून शेवटाकडे’ आणि दुसऱ्यात ‘शेवटाकडून सुरुवातीकडे’ असा झाला. एकापुढे एक जोडल्यावर पाच थरांनी सहातले पाच खाऊन टाकले आणि जेमतेम एका थराचं काम हाती राहिलं. मल्टीमीटरला यातलं काही दिसत नाही, कारण रोधाला दिशा नसते.

तार उलगडावी लागली नाही. आतल्या भागाचं शेवटचं टोक बाहेरच्या भागाच्या सुरुवातीला जोडलेलं होतं, ते त्याऐवजी शेवटच्या टोकाला जोडलं. बाहेरच्या भागाची सुरुवात आता कॉइलचं टोक ब झाली. रोध पुन्हा तेवढाच भरला, पण या वेळी सुई खाडकन टोकाच्या पिनेवर आदळली.

ही आदळआपट बरी नाही, सुई वाकते. हाताने चुंबक साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आत जातो आणि तेवढ्यात अर्धा व्होल्ट सहज तयार होतो. जुन्या गॅल्व्हॅनोमीटरला सुई शेवटपर्यंत न्यायला मिलिअ‍ॅम्पिअरपेक्षाही कमी करंट लागतो. म्हणून १ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकला. आता सुई पंधरा-वीस घरं जाते. मात्र रेझिस्टरमुळे तिची झुलणी वाढली. ती एका बाजूला जाते, परतताना शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते आणि मग थांबते. पाहणाऱ्याच्या लक्षात नेमकी दुसरी झेप राहते. पहिली हालचाल कुठे झाली तेवढंच लिहायचं. चुंबक आत नेऊन तिथेच धरायचा आणि सुई शून्यावर स्थिर झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही.

चुंबक आत नुसता धरून ठेवला असताना सुई शून्यावर येते हे मुलांना मुद्दाम दाखवणार आहे. त्या वेळी कॉइलमधून सगळ्यात जास्त फ्लक्स जात असतो, आणि करंट शून्य असतो.

१४ जून

आज अपेक्षित दिशा आधी कागदावर काढली आणि मग प्रयोग केला. चारही वेळा उत्तर उलट आलं. आत नेताना, बाहेर काढताना, दोन्ही ध्रुवांनी, प्रत्येक वेळी उलट. सगळीकडे सारखंच उलट येतंय याचा अर्थ भौतिकशास्त्र ठीक आहे आणि कुठलीतरी एक खूण चुकीची लागली आहे.

दिशा ठरवताना आपण तीन गोष्टी गृहीत धरतो. चुंबकाचा उत्तर ध्रुव कुठला, कॉइल कुठल्या बाजूने गुंडाळली आहे आणि गॅल्व्हॅनोमीटरमध्ये करंट कुठल्या टर्मिनलने शिरला की सुई कुठे जाते. यातली एक खूण चुकली की उत्तर उलटतं. दोन चुकल्या की उत्तर पुन्हा बरोबर येतं आणि ते जास्त त्रासदायक, कारण मग कोणी शोधायलाच जात नाही. तिन्ही खुणा एकमेकींचा आधार न घेता, वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

आधी गॅल्व्हॅनोमीटर. दीड व्होल्टचा सेल, मालिकेत १० किलोओहम, सेलचं धन टोक लाल टर्मिनलला. करंट होतो १५० मायक्रोअ‍ॅम्पिअर. सुई सहा घरं हलली, डावीकडे. लाल टर्मिनलमधून करंट आत गेला की सुई उजवीकडे जाते असं मी धरलं होतं. मागचं झाकण उघडलं तर आतल्या दोन वायरी अदलाबदल होऊन लागलेल्या. मीटर आधी कधीतरी दुरुस्त झालेला असावा. वायरी सरळ केल्या, पुन्हा सेल लावला, आता सहा घरं उजवीकडे. काचेखाली चिठ्ठी चिकटवली: ‘लाल मध्ये शिरला तर उजवीकडे’.

टर्मिनलच्या रंगावर विश्वास ठेवू नये, नव्या मीटरच्याही. सेल आणि १० किलोओहम लावून बघायला मिनिटही लागत नाही. रेझिस्टर न लावता सेल थेट लावला मात्र, तर मीटर कामातून जातो.

१५ जून, रविवार

चुंबकाचा ध्रुव. निओडिमियमच्या चकत्यांवर काहीच खूण नसते. प्रयोगशाळेतलं होकायंत्र जवळ नेलं, त्याच्या लाल टोकाने ज्या बाजूला तोंड केलं तो दक्षिण ध्रुव, असं ठरवणार होतो. पण आमचे प्रयोगशाळेचे मामा म्हणाले, “सर, ते होकायंत्र त्या चुंबकांच्याच खणात पडलं होतं.” त्यांचा अनुभव दांडगा. गच्चीवर नेऊन पाहिलं. आमच्याकडून सिंहगड नैऋत्येला दिसतो, म्हणजे दक्षिण कुठे हे वेगळं सांगायला नको. होकायंत्राचं लाल टोक सरळ दक्षिणेला. जोरदार चुंबकाशेजारी राहून सुईचं चुंबकत्व उलटलं होतं.

ते सुधारता येतं. चुंबकाचं एक टोक सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे घासत नेलं की सुई पुन्हा हवी तशी होते, पण चुंबकाचं कुठलं टोक वापरायचं ते आधी कळायला हवं. म्हणून कांडीच मधोमध दोऱ्याने बांधून लाकडी स्टँडवरून आडवी टांगली. लोखंडी टेबल, खिडकीचे गज, पंखा यांपासून दूर. बराच वेळ डुलत राहिली, मग एका रेषेत थांबली. जे टोक उत्तरेला राहिलं त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ही खात्रीची पद्धत, कारण हिच्यात दुसऱ्या कुठल्या सुईवर अवलंबून राहावं लागत नाही. लाल टोक उत्तरेकडे राहावं यासाठी चुंबकाचा दक्षिण ध्रुव सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे घासून होकायंत्र सरळ केलं, गच्चीवर परत तपासलं आणि ते आता वेगळ्या कपाटात ठेवलंय.

१८ जून

तिसरी खूण, कॉइलची. गुंडाळी टेपखाली झाकलेली, वर सांधा उलटसुलट जोडलेला, तेव्हा वेढे डोळ्यांनी पाहून दिशा ठरवण्यात अर्थ नव्हता. आणि ते लागतही नाही. सेलचं धन टोक अ ला आणि ऋण टोक ब ला लावून कॉइलच्या वरच्या तोंडाशी होकायंत्र धरलं. दहा ओहममधून दीडशे मिलिअ‍ॅम्पिअर करंट जातो, तेवढा भरपूर होतो. सेल तापतो म्हणून दोन-तीन सेकंदच लावावा. होकायंत्राचं दक्षिण टोक कॉइलकडे खेचलं गेलं, म्हणजे वरचं तोंड उत्तर ध्रुव झालं. बॉबिनवर लिहिलं: ‘आतून अ पासून ब कडे: वरचं तोंड उत्तर’.

या ‘आतून’ शब्दासाठी मला अख्खी संध्याकाळ लागली आणि या सगळ्या नोंदींत वाचायचं ते हेच आहे असं मला वाटतं.

आता नियम लावू. चुंबकाचा उत्तर ध्रुव वरून कॉइलकडे आणायचा. कॉइलला हा बदल नको असतो, म्हणून तिचं वरचं तोंड उत्तर ध्रुव होऊन येणाऱ्या चुंबकाला ढकलणार. वरचं तोंड उत्तर व्हायचं तर करंट कॉइलच्या आत अ पासून ब कडे वाहायला हवा. इथवर सरळ आहे. पुढे बहुतेक जण म्हणतात की सेलच्या वेळी धन टोक अ ला होतं, म्हणजे आताही अ धन. शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंनीही लगेच तेच सांगितलं, आणि अ ला लाल टर्मिनल जोडून ‘उजवीकडे’ असं लिहिलं. सुई डावीकडे गेली.

कारण सेल लावला होता तेव्हा कॉइल करंट घेत होती. करंट बाहेरून येऊन अ मधून आत शिरत होता. चुंबक हलवला तेव्हा कॉइलच सेल झाली. आत करंट अ पासून ब कडेच जातो, पण तो बाहेर पडतो ब मधून, गॅल्व्हॅनोमीटरमधून फिरतो आणि अ कडे परत येतो. म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या दृष्टीने आता ब हे धन टोक. आतली दिशा तीच आणि टोकांची चिन्हं उलटी. सेलच्याही आत करंट ऋण टोकाकडून धन टोकाकडेच जातो, मग कॉइल त्याला अपवाद कशी असेल?

म्हणून ब ला लाल आणि अ ला काळं टर्मिनल जोडलं. त्यानंतर कागदावर उत्तरं अशी आली. उत्तर ध्रुव वरून आत: वरचं तोंड उत्तर, करंट ब मधून बाहेर, लाल मध्ये शिरणार, सुई उजवीकडे. तोच ध्रुव वर काढून घेताना कॉइलला तो जाऊ द्यायचा नसतो, वरचं तोंड दक्षिण होणार, सुई डावीकडे. दक्षिण ध्रुव वरून आत: वरचं तोंड दक्षिण, डावीकडे. दक्षिण ध्रुव बाहेर: उजवीकडे. शिवाय एक जास्तीचं, उत्तर ध्रुव खालून आत: खालचं तोंड उत्तर, म्हणजे वरचं दक्षिण, डावीकडे. पाचही वेळा सुई कागदाप्रमाणेच गेली.

आणखी एक तपासणी राहिली होती. एक वायर सोडवून चुंबक तसाच हलवला. सुई हलायला नको होती, पण किंचित हलली. चुंबक मीटरच्या फार जवळ होता आणि तो थेट आतल्या भागावरच परिणाम करत होता. लांब वायरी घालून मीटर चार फुटांवर नेला, मग शांत. फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावरचा प्रयोग केला तेव्हा त्यानेही सुई तीन फुटांवर ठेवली होती. पण खूप लांब नेऊनही चालत नाही. जिनिव्हाच्या कोलाडोनने १८२५ मध्ये हाच प्रयोग केला होता. चुंबकाचा परिणाम सुईवर होऊ नये म्हणून त्याने मीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक आत घालून तो त्या खोलीत जाऊन पाहीपर्यंत सुई शून्यावर परतलेली असायची. दिशेचा नियम लेंझने १८३४ मध्ये मांडला.

२१ जून

पालख्या शहरात आहेत, पेठांतले रस्ते बंद. तांब्याची नळी आणायला जायचं होतं ते राहिलं. त्याऐवजी एलईडीचं काम हाती घेतलं.

हाताने चुंबक हलवताना एक गोष्ट नीट दिसत नाही, ती म्हणजे चुंबक कॉइलच्या आरपार गेला तर काय होतं. त्यासाठी पाइपच्या वरच्या तोंडातून कांडी तशीच सोडून द्यायची. सुई इतक्या वेगाने काही सांगू शकत नाही. म्हणून गॅल्व्हॅनोमीटर काढून दोन एलईडी उलटसुलट जोडले. एकाचं धन पाय ब ला, दुसऱ्याचं अ ला, मालिकेत १०० ओहम. करंट ब मधून बाहेर पडला तर पहिला लागणार, अ मधून पडला तर दुसरा.

सुरुवातीला एक लाल, एक हिरवा घेतला होता. कांडी लाल ठिपक्याचं टोक खाली ठेवून सोडली तर फक्त लाल लागला. हिरवा अगदी मंद, कधी तर नाहीच. दुसरा धक्का कमजोर आहे असं वाटावं अशीच ती परिस्थिती. पण तो कमजोर असायचं काही कारण नव्हतं, उलट चुंबक खाली पडताना वेग वाढतो. एलईडींच्या जागा बदलल्या. आता हिरवा पहिल्या जागी आला तरीही मंदच. दोष जागेचा नव्हता, दिव्याचा होता. आजकालच्या हिरव्या एलईडीला तीन व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आत-बाहेर. दोन्ही लाल घेतले, दोन्ही लखलखले.

डोळ्यांना मात्र दोन्ही एकदमच लागल्यासारखे दिसतात. फोनच्या स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. काळोखी खोली, बॉबिनच्या वरच्या कडेशी कांडीची सावली. पुढच्या फ्रेममध्ये पहिला दिवा. मग एक फ्रेम दोन्ही विझलेले, जेव्हा कांडी बरोबर कॉइलच्या पोटात आहे. मग दुसरा दिवा आणि तो पहिल्यापेक्षा प्रखर.

ही मधली काळी फ्रेम मुलांना थांबवून दाखवायची. कांडीचा उत्तर ध्रुव खाली आहे, त्यामुळे कॉइलमधून जाणाऱ्या फ्लक्सची दिशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालीच आहे. कांडी वर असताना, आत असताना आणि खाली निघून गेल्यावरही. फ्लक्स कधीच उलटला नाही, करंट मात्र उलटला. कांडी जवळ येताना खाली जाणारा फ्लक्स वाढतो, कॉइल वर जाणारा फ्लक्स तयार करते. कांडी दूर जाताना खाली जाणारा फ्लक्स घटतो आणि कॉइल तो टिकवायला खालीच जाणारा फ्लक्स तयार करते. कॉइल चुंबकाच्या क्षेत्राला विरोध करते असं पाठ केलेलं मूल दुसऱ्या दिव्याशी अडकतं. तिचा विरोध बदलाला असतो. काळ्या फ्रेममध्ये फ्लक्स सर्वांत जास्त आहे, पण त्या क्षणी तो वाढतही नाही आणि घटतही नाही.

दुसरा दिवा प्रखर का? दोन्ही वेळा फ्लक्समधला एकूण बदल सारखाच, शून्यापासून कमालपर्यंत आणि कमालपासून शून्यापर्यंत. पण बाहेर पडताना कांडीचा वेग जास्त, म्हणून तोच बदल कमी वेळात उरकतो. व्होल्टेज जास्त चढतं आणि लवकर संपतं. कॉइलच्या लगत वरून कांडी सोडली तर हा फरक ठळक दिसतो. पण पहिला धक्का फारच हळू झाला तर त्याचं व्होल्टेज दोनपर्यंत पोचत नाही आणि पहिला दिवा लागतच नाही. वीस-तीस सेंटीमीटर वरून सोडल्यास दोन्ही लागतात. फार उंचावरून सोडल्यास दोन्ही धक्के जवळजवळ सारखे होतात, कारण कॉइल ओलांडताना वेगात भर पडायला वेळच उरत नाही.

२८ जून

एसीच्या कामाला वापरतात ती ५/८ इंची तांब्याची नळी मीटरभर मिळाली, ₹५०० च्या घरात. गुंडाळीत येते, म्हणून सरळ तुकडा मागून घ्यावा. वाकलेल्या नळीत कांडी अडकते. चुंबक तांब्याला चिकटत नाही हे आधी सगळ्यांनी हात लावून पाहिलं.

मीटरभर मोकळं पडायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. या नळीतून कांडी काही सेकंदांनी बाहेर येते. वरून डोकावलं तर ती भिंतींना न शिवता संथपणे उतरताना दिसते. कांडीच्या खालच्या बाजूला नळीच्या भिंतीत फिरणारा करंट तिला ढकलतो आणि वरच्या बाजूचा तिला मागे खेचतो, म्हणजे एलईडीचे दोन्ही दिवे एकाच वेळी कांडीच्या पुढे आणि मागे चालू आहेत असं समजायचं.

विरोध मोजायचाही होता. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर थर्माकोलचा जाड तुकडा ठेवला, त्यावर नळी उभी केली आणि वरचं टोक सैल कड्यात धरलं, जेणेकरून ती कलंडू नये पण तिचं वजन काट्यावरच राहावं. काटा शून्य केला. कांडीचं वजन १७ ग्रॅम. ती नळीत सोडली, ती काट्याला किंवा थर्माकोलला अजून पोचलीही नव्हती आणि काटा १७ दाखवू लागला. कांडी एकसारख्या वेगाने उतरते याचा अर्थ तिचं सगळं वजन नळीने तोलून धरलंय आणि नळीने ते काट्यावर टाकलंय. खाली टेकल्यावरही काटा १७ च. मुलांपैकी एकाने विचारलं, “सर, मग ती पडतेय की उभी आहे?” काट्यापुरतं दोन्ही सारखंच.

काटा स्थिरावायला सेकंदभर घेतो. नळी अर्ध्या मीटरची असेल तर आकडा नीट दिसण्याआधीच कांडी खाली पोचते, म्हणून मीटरभर नळीच घ्यावी. शिवाय ताटली स्टीलची असेल तर कांडी शेवटी तिकडे खेचली जाऊन आकडा बिघडतो, थर्माकोलची जाडी त्यासाठीच.

२९ जून, रविवार

नळीला उभी चीर पाडली, हॅकसॉने, वरपासून खालपर्यंत. गोल फिरणारा करंट तोडला की कांडी दगडासारखी पडेल असं बहुतेकांनी वहीत लिहिलं होतं. ती आधीपेक्षा खूप लवकर पडली, पण मोकळ्या पडण्याइतकी नाही. चिरेमुळे नळीभोवतीचा पूर्ण फेरा तुटला, पण भिंतीच्या पत्र्यातल्या पत्र्यात फिरणारे छोटे भोवरे शिल्लक राहतात आणि तेही बदलाला विरोध करतातच. पीव्हीसी पाइप शेजारी उभा करून दोन कांड्या एकाच वेळी सोडल्या की हा उरलेला विरोध डोळ्यांनी दिसतो. चीर पाडल्यावर आतली बुरं कानसने घासून काढावीत, नाहीतर कांडी तिथे अडते आणि ते अडणं विरोध म्हणून मोजलं जातं.

संचाच्या पेटीत चार गोष्टी कायमच्या ठेवल्या आहेत: सेल, १० किलोओहम, दोरा बांधलेली कांडी आणि तपासलेलं होकायंत्र, शेवटच्या दोघांत पेटीची पूर्ण लांबी. प्रत्येक तुकडीने सुरुवातीला तिन्ही खुणा स्वतः तपासायच्या आणि तारीख घालून झाकणावरच्या कागदावर लिहायच्या.